अडीच मीटर सगळ्यांना पुरत नाही

कुर्त्याचं कापड मागितलं की दुकानदार लगेच म्हणतो, "अडीच मीटर घ्या." ४४ इंची पन्हा आणि मध्यम अंगाचा माणूस असेल तर ते बरोबरच असतं. पन्हा बदलला किंवा छाती भरली, की मात्र हा आकडा चालत नाही. मोबाईलमध्ये टेलरच्या चिठ्ठीचा फोटो असेल, तर दुकानात उभ्या उभ्या हिशेब मांडता येतो. त्यासाठी उंची, छाती आणि बाही एवढी तीनच मापं लागतात.

आधी फोटो नीट वाचावा. एकाच चिठ्ठीवर कुर्ता आणि पायजमा दोन्ही असतात आणि दोघांची उंची चाळिशीच्या आसपासच असते, त्यामुळे वरचं नाव फोटोत कापलं गेलं असेल तर आकड्यावरून ओळखता येत नाही. अशा वेळी ज्या ओळीत पुढे छाती, शोल्डर, बाही आहे ती कुर्त्याची. मोठ्या अंकांपुढे उभ्या रेघा दिसल्या तर ते पाव, अर्धा, पाऊण असतात. '१७।।' म्हणजे साडेसतरा. कार्बनच्या प्रतीत १ आणि ९ सारखे दिसतात, तेव्हा शेजारची मापं बघावीत.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न छातीचा. लिहिलेला आकडा अंगाचा आहे की ढिलाई धरून तयार कुर्त्याचा? छाती ४६ आणि गळा साडेपंधरा असेल तर ढिलाई बहुधा आधीच धरलेली आहे, कारण एवढ्या भरल्या छातीच्या माणसाचा गळा इतका बारीक सहसा नसतो. शंका राहिली तर टेलरला फोन करून विचारलेलं बरं, कारण इथे चुकलं तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आता एक चिठ्ठी घेऊ. उंची ४०, छाती ४० (अंगाची), बाही २४. छातीत सहा इंच ढिलाई धरली तर तयार कुर्ता ४६ चा होतो. म्हणजे पुढचा भाग २३ आणि पाठ २३. शिलाईचा दीड इंच मिळवला की प्रत्येक भाग छातीवर साडेचोवीस, आणि खाली घेराला साधारण २६. उंचीत खालची दुमड आणि खांद्याची शिलाई धरून ४३. बाही शिलाईसकट २६ लांब आणि वरच्या बाजूला साडेसतरा रुंद. मनगटाकडे ती निमुळती होत जाते.

४४ च्या पन्ह्यातून दोन्ही काठ सोडले की कामाचं कापड ४३ उरतं. पुढच्या भागाशेजारी एक बाही ठेवली तर साडेचोवीस अधिक साडेसतरा, म्हणजे ४२. बसली! घेराकडे कुर्ता रुंदावतो तशी बाही निमुळती होते, म्हणून खालीही अडचण येत नाही. दुसरी बाही पाठीशेजारी. बाह्यांच्या खाली उरलेल्या तुकड्यांत कॉलर, पट्टी आणि खिसे निघतात. लांबी लागते ती फक्त दोन उंच्यांची, ८६ इंच. सुती कापड आटतं, त्यासाठी शेकडा पाच धरले की ९० इंच. मीटर म्हणजे ३९.३७ इंच, म्हणून हे साधारण २.३ मीटर झालं. अडीच मीटर घेतलं की निश्चिंत.

हाच माणूस ३६ च्या पन्ह्याची खादी घेतो, तेव्हा अंगाशेजारी जेमतेम दहा इंच उरतात. तिथे कॉलर आणि पट्टी निघेल, बाही नाही. बाह्यांसाठी वेगळे २६ इंच लागतात. ८६ अधिक २६, म्हणजे ११२, आणि आटणं धरून तीन मीटर. उलट ५८ च्या पन्ह्यात पुढचा भाग आणि पाठ शेजारी शेजारी बसतात, कारण २६ आणि २६ मिळून ५२. बाह्या मात्र तिथेही खालीच जातात. ४३ अधिक २६, म्हणजे ६९ इंच, आटणं धरून १.८४ मीटर. दोन मीटर पुरतं.

पन्हा वाढला म्हणून कापड त्या प्रमाणात कमी होत नाही. दोन भाग शेजारी बसतात की नाही, यावरच लांबी एकदम उडी मारते. पन्हा ५० चा असेल तर ५२ ची जोडी बसत नाही आणि माणूस परत अडीच मीटरवर येतो.

अंगाचंही तसंच. छाती ४६ आणि उंची तीच असेल, तर तयार कुर्ता ५२ चा होतो. एक भाग साडेसत्तावीस आणि बाही सुमारे १९, मिळून साडेसेहेचाळीस. ४४ च्या पन्ह्यात हे मावत नाही. म्हणजे या गृहस्थांना त्याच थानातून तीन मीटर लागणार, अडीच घेतलं तर टेलर बाहीला जोड लावेल. मोठ्या चौकड्यांचं कापड असेल तर शिलाईवर चौकड्या जुळवण्यासाठी आणखी एक चौकडीभर लांबी वर घ्यावी.