परिसंस्थेची ओळख, लेखांक 6 : राख राहते, धग जाते

गेल्या आठवड्यात आपण अन्नसाखळी पाहिली. त्यावरच्या प्रश्नाला नववीच्या उत्तरपत्रिकांत हमखास सापडणारे उत्तर असे: ‘प्राणी मेल्यावर विघटक त्यांचे विघटन करतात आणि त्यांच्यातील पोषकद्रव्ये व ऊर्जा पुन्हा वनस्पतींना मिळते.’ वाक्य चोख वाटते, तरी गुण कापले जातात. आणि ते योग्यच आहे. पोषकद्रव्यांबद्दलचे म्हणणे बरोबर, ऊर्जेबद्दलचे साफ चूक.

मुळशीकडच्या भातखाचरात याचा निकाल डोळ्यांदेखत लागतो. उन्हाळ्यात तिथे राब भाजतात. रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, वाळलेल्या डहाळ्या, पाला, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचे. पानांनी उन्हातून साठवलेली ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते. मागे राखेत पालाश, स्फुरद, कॅल्शियम राहतात आणि पावसाबरोबर ते रोपांच्या मुळांना मिळतात. नत्र बराचसा धुरातून हवेत जातो खरा, पण तिथून जीवाणू त्याला पुन्हा मातीत आणू शकतात. धग मात्र कोणी परत आणत नाही. रोपाला वाढायला ताजेच ऊन लागते.

विघटकही पाला जाळतातच म्हणा, फक्त ज्वाळेविना आणि सावकाश. शेणखताचा ताजा ढीग उकरला की आतून वाफ निघते. आतले तापमान 55-60 अंश सेल्सिअसपर्यंत चढू शकते. ही जीवाणूंच्या श्वसनाची उष्णता. हिरवे पान उष्णतेपासून अन्न बनवू शकत नाही, त्याला प्रकाशच हवा. सगळी मेख इथे आहे.

जिवंत साखळीतही तेच. भाताच्या पात्यांत 10,000 किलोज्यूल ऊर्जा धरली, तर नाकतोड्यांच्या अंगी साधारण 1,000, बेडकांच्या 100 आणि धामणीच्या 10 पोचते. रेमंड लिंडेमन यांच्या 1942 च्या लेखापासून रूढ झालेला हा दहा टक्क्यांचा हिशेब ढोबळ आहे, प्रत्यक्षात प्रमाण कमीजास्त होते. उरलेले काही खाल्लेच जात नाही, काही विष्ठेत जाते आणि बरेचसे श्वसनात खर्ची पडते.

इथे एखादे चौकस पोर विचारते: गांडूळ कुजका पाला खाते, कोंबडी गांडूळ खाते, मग मेलेल्या पाल्यातली ऊर्जा परत आलीच की! शंका रास्त आहे. पण कोंबडीला मिळाली ती पाल्यातली अजून न खर्चलेली शिल्लक. तिचाही मोठा भाग वाटेत उष्णता झालेला असतो आणि उरलेलीही भाताच्या पानात परतत नाही.

तेव्हा उत्तर असे लिहा: ‘विघटकांमुळे पोषकद्रव्ये मातीत परततात व उत्पादकांना पुन्हा मिळतात, ऊर्जा मात्र प्रत्येक पातळीवर उष्णतेच्या रूपात बाहेर पडते, म्हणून तिचा प्रवाह एकेरी असतो.’ आकृती काढलीत तर विघटकांकडून वनस्पतींकडे जाणारा बाण फक्त पोषकद्रव्यांचा दाखवा, ऊर्जेचा नको.