नवे स्पीकर आणि जुनी घूं घूं

माझ्या एका मित्राने गाडीला नवे स्पीकर बसवले, डिकीत एक सबवूफर आणि त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर. गाणी छान वाजू लागली. पण दुसऱ्याच दिवशी सिमेंटच्या रस्त्यावर गाडीने वेग घेतला आणि आत घूं घूं सुरू झाली. कानावर दाब आल्यासारखी, डोकं जड करणारी. म्युझिक बंद केलं तरी ती थांबेना. टायर पाहिले, बेअरिंग पाहिलं, दोन्ही ठीक. शेवटी एका जाणत्या इलेक्ट्रिशियनने छतातल्या छोट्या माइकची पिन काढली आणि घूं घूं गेली. टायरमधून येते असं वाटलेली ती घरघर स्पीकरच वाजवत होते.

त्या गाडीत आवाजाने आवाज मारण्याची यंत्रणा होती. कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पाउल लुएग यांना तिचं अमेरिकी पेटंट १९३६ साली मिळालं. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची लाट. एका लाटेचा उंचवटा जिथे आहे तिथेच दुसरीचा खळगा आणून ठेवला, तर दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात.

इंजिनाचा आवाज असा मारणं त्या मानाने सोपं, कारण इंजिन किती फेरे घेतंय हे गाडीला ठाऊकच असतं. रस्त्याचा आवाज बेभरवशाचा. खडी बदलली, सांधा आला, की तोही बदलतो. ह्युंदाईने २०१९ च्या अखेरीस यावरचा आपला उपाय जाहीर केला. सस्पेन्शनजवळ कंपन टिपणारे सेन्सर बसवायचे. चाकाचा धक्का लोखंडातून, पत्र्यातून आणि मग हवेतून कानापर्यंत पोचायला सुमारे ०.००९ सेकंद लागतात. तारेतून गेलेला इशारा त्याच्या आधी पोचतो आणि संगणक ०.००२ सेकंदात उलटी लाट तयार करतो. ती स्पीकर वाजवतात. छतातले माइक उरलेला आवाज ऐकून संगणकाला सतत सांगत राहतात, ‘अजून एवढा शिल्लक आहे.’ कंपनीने सांगितलेली घट ३ डेसिबलची होती, म्हणजे ध्वनीची ऊर्जा जवळपास निम्मी.

हे फक्त खालच्या पट्टीतल्या घुमण्याला लागू पडतं. सेकंदाला १०० कंपनांच्या आवाजाची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. त्यामुळे शांततेचा टापू डोक्याभोवती मावतो. १००० कंपनांची लाट हातभरही नसते. मान जराशी वळवली की उंचवटा-खळग्याचा मेळ सुटतो. वाऱ्याची शीळ म्हणूनच उरते. तिथे रबर, काच आणि कापूसच कामाचे.

आता स्पीकर बदलल्यावर काय बिघडतं ते पाहू. संगणकाने वाजवलेली लाट कानाशी पोचेपर्यंत तिच्यात बदल होतात. अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरचा पडदा, दाराची पोकळी, सीट, काचा, प्रत्येक जण तिला थोडा उशीर लावतो, थोडी चढवतो किंवा उतरवतो. कारखान्यात हा सगळा मार्ग मोजून त्याचा नकाशा संगणकात भरलेला असतो. आपण स्पीकर बदलतो तेव्हा मार्ग बदलतो. नकाशा मात्र जुनाच राहतो.

उदाहरण घेऊ. घूं घूं सेकंदाला १०० कंपनांची आहे, म्हणजे एक पूर्ण लाट १० मिलिसेकंदांची. उलटा आवाज नव्या अ‍ॅम्प्लिफायरमधून जातो आणि त्यातली डिजिटल प्रक्रिया त्याला ५ मिलिसेकंद जास्त अडवते. ही झाली बरोबर अर्धी लाट. खळग्याच्या जागी उंचवटा येऊन बसला. दोन्ही लाटा सारख्या जोराच्या असतील तर आवाज मरण्याऐवजी ६ डेसिबलने वाढतो. स्पीकरच्या दोन तारा उलट जोडल्या तरी हाच परिणाम.

गोष्ट इथे थांबत नाही. माइक सांगतो, आवाज वाढला. संगणक जुन्या नकाशावर विसंबून आणखी जोर लावतो, आणि तो जोर उलट्या दिशेने पडतो. चूक पाव लाटेपेक्षा, म्हणजे या आवाजासाठी अडीच मिलिसेकंदांपेक्षा, कमी असेल तर यंत्रणा चाचपडत का होईना, सावरते. त्यापुढे प्रत्येक दुरुस्ती आगीत तेल ओतते. मित्राच्या गाडीत घडलं ते हेच.

म्हणून अशी गाडी असेल तर स्पीकर बदलण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा की ही यंत्रणा कोणत्या स्पीकरांवर चालते. ते मूळचेच राहू द्या आणि सबवूफरला वेगळी वाट द्या. तसं जमत नसेल तर यंत्रणा त्यांच्याकडूनच बंद करून घ्या. काम झाल्यावर म्युझिक पूर्ण बंद करून एकाच वेगाने गाडी चालवून पाहा. पूर्वी नसलेली घूं घूं ऐकू आली, तर टायर बदलण्याचा खर्च करण्याआधी तारांची जोडणी तपासा. आणि काढलेले जुने स्पीकर दुकानात सोडून येऊ नका.