शंभरात एक, तरी पट्टे दिसतात

लेझरचा झोत दुभागून दोन वाटांनी नेला आणि पुन्हा पडद्यावर एकत्र आणला, की उजेड-काळोखाचे पट्टे उमटतात. याला व्यतिकरण म्हणतात. आता एका वाटेवरचा प्रकाश दुसरीच्या शंभरावा हिस्सा उरेल इतका मंद करा. पट्टे जेमतेम एक टक्का उठून दिसतील, असा अंदाज आपण करतो, आणि तो साफ चुकतो.

कारण एकमेकींत मिसळतात त्या लहरी, तीव्रता नव्हे. तीव्रता म्हणजे लहरीच्या आयामाचा वर्ग. तीव्रता १०० आणि १ असेल, तर आयाम १० आणि १. लहरी जुळल्या तिथे आयाम ११, म्हणजे तीव्रता १२१. एकमेकींच्या उलट पडल्या तिथे ९, म्हणजे ८१. पट्टे किती ठळक आहेत हे मोजायला अल्बर्ट मायकेलसनने दृश्यतेची व्याख्या केली:

V = (Imax − Imin) / (Imax + Imin)

इथे ती ४० भागिले २०२, म्हणजे सुमारे ०.२ येते. एक टक्का नव्हे, वीस! दोन्ही झोतांची तीव्रता ठाऊक असेल, तर हेच सूत्र असे होते:

V = 2√(I₁I₂) / (I₁ + I₂)

झोत समसमान असतील तर V = १, आणि काळोख खरोखर काळा.

काच तपासणाऱ्यांना हा हिशेब रोज लागतो. प्रमाण म्हणून घेतलेल्या सपाट काचेचा पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. तिच्यासमोर लेप नसलेलाच आरसा ठेवला, तर तिकडूनही ३.७ टक्क्यांच्या आसपास परत येतो आणि दृश्यता जवळजवळ १ होते. त्याच आरशावर अॅल्युमिनियमचा मुलामा चढला, की तिकडून ८३ टक्के येऊ लागतात. उजेड भरपूर वाढला, पण दृश्यता ०.४२ वर घसरली. एकच झोत बळकट करून पट्टे खुलत नाहीत, उलट फिके पडतात.

मात्र प्रत्येक फिका पट्टा असमान झोतांमुळेच नसतो, आणि इथे नवखे फसतात. तपासायची रीत साधी आहे. दोन्ही झोत अडवून खोलीतल्या इतर उजेडाचे वाचन घ्या आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून ते वजा करा. मग एकेक झोत आळीपाळीने अडवा. समजा ८ आणि २ मिळाले. सूत्राने V = ०.८, म्हणजे उजळ पट्टा १८ आणि काळा २ असायला हवा. प्रत्यक्षात १४ आणि ६ मिळाले, तर V फक्त ०.४. सरासरी मात्र दोन्हीकडे १०च. प्रकाश हरवलेला नाही, पट्टे पुसट झालेत. अशा वेळी झोत समान करत बसू नका. टेबल हादरतेय का, दोन वाटांच्या लांबीत फार फरक पडलाय का, दोन्ही झोतांचे ध्रुवण जुळते का, ते आधी पाहा. ध्रुवणे काटकोनात असतील, तर झोत कितीही समान केले तरी पट्टे दिसणार नाहीत.