उतारावरच्या ठोकळ्यावर किती बले?

गणिताचा फोटो तिरका निघाला की उताराचा कोनही बदललेला दिसतो. म्हणून तो मोजू नये, छापलेलाच घ्यावा. समजा, ३०° उतारावरून २ किलोग्रॅमचा ठोकळा घसरतो आहे आणि घर्षणांक ०.२ आहे. आकृतीत ठोकळा एकटाच काढावा. पृथ्वी त्याला सरळ खाली ओढते, हे mg. स्पर्श फक्त उताराचा, म्हणून त्याची दोनच बले: पृष्ठभागाला लंब N आणि गतीविरुद्ध घर्षण f. ‘खाली ढकलणारे’ चौथे बल अनेक विद्यार्थी हमखास काढतात. तो mg चाच घटक असतो. अक्ष उताराला समांतर व लंब घेतल्यावर समीकरणे अशी मिळतात:

N = mg cos ३०° ≈ १७ न्यूटन
f = ०.२ N ≈ ३.४ न्यूटन
mg sin ३०° − f = ma

त्यावरून त्वरण सुमारे ३.२ मी/से² येते. N चुकून mg इतके धरल्यास २.९.