पगार चालू, वाढ मात्र बंद!

पुण्याच्या संगणक-कंपन्यांत नोकरी करणारी मुले आता संगमनेरात घरोघर आहेत. आणि त्यांच्याबरोबर ‘पीआयपी’ हा शब्दही आमच्या गावात आला आहे. परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजे ‘तुमचे काम उणे पडते, इतक्या दिवसांत सुधारून दाखवा’ असे सांगणारे पत्र!

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मार्चच्या २ तारखेला असे साठ दिवसांचे पत्र मिळाले. “सर, पगार तर चालूच आहे. मग बिघडले काय?” त्याने विचारले. आमचा व्यवसाय शब्दांचा. म्हणून पत्र आणि नेमणुकीच्या अटी आम्ही दोघांनी बारकाईने वाचल्या.

लाखाच्या पगाराला धक्का नव्हता. पण पत्र चालू असणाऱ्याला १ एप्रिलची वेतनवाढ नव्हती. आठ टक्के धरले, तरी वर्षाचे ९६ हजार बुडाले. मे महिन्यात मिळणारा १ लाख २० हजारांचा कामगिरी-बोनसही त्याच अटीने अडला होता.

खरी मेख निराळीच होती. १६ जूनला त्याच्या नोकरीची पाच वर्षे भरत होती. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकराला सामान्यतः तेवढी सेवा लागते. हिशेबासाठी धरायचे त्याचे वेतन ५२ हजार. त्याला २६ ने भागून १५ ने गुणले की ३० हजार. पाच वर्षांचे दीड लाख. साठ दिवस ३० एप्रिलला संपणार. त्या दिवशी नोटिशीऐवजी दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवून निरोप दिला, तर दीड लाखावर पाणी पडण्याची भीती!

मग लढावे की निघावे? पत्रातली उद्दिष्टे मोजता येण्याजोगी असतील, वरिष्ठ दर आठवड्याला लेखी अभिप्राय देत असतील, तर नेटाने मुदत पुरी करावी. येथे ‘पुढाकार दिसावा’ असली मोघम वाक्ये होती, महिनाभरात एकही बैठक झाली नव्हती, आणि हातचे काम दुसऱ्याकडे गेले होते. निकाल आधीच लागला होता म्हणा ना!

कंपनीलाही तंटा नकोच असतो. त्याने बोलणी केली. २० एप्रिलला राजीनामा, दोन महिन्यांची नोटीस नोकरीत राहूनच, शेवटचा दिवस २० जून, आणि बोनसचा निम्मा भाग. कंपनीला नोटिशीऐवजी पगार देऊन आधीच मोकळे करता येत होते. म्हणून तारीख आणि रकमा लेखी आल्यावरच त्याने सही केली. नोटिशीचा पगार दोन्ही वाटांनी मिळणारच होता. या वाटेने दीड लाख पक्के झाले आणि साठ हजार मिळाले.

राजीनामा दिला, तरी राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे, असे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतनसंहिता सांगते. पण बोनसचा निम्मा भाग कायद्याने नव्हे, त्या कागदाने मिळाला. ‘स्वेच्छेने’ हा शब्द असलेल्या राजीनाम्यावर एकदा सही झाली, की मागून भांडणे फार कठीण जाते. जे मागायचे, ते सहीच्या आधी मागावे.