फ्रेंच अक्षरावरचे छप्पर

फ्रेंचमध्ये काही स्वरांवर छपरासारखी खूण असते. अनेकदा ती गळालेल्या ‘स’ची आठवण असते. 1066 नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर असंख्य फ्रेंच शब्द इंग्रजीत गेले, तेव्हा त्यांत ‘स’ होता. पुढे फ्रेंचमध्ये व्यंजनाआधीचा ‘स’ उच्चारातून गेला, तरी लिहिला जात राहिला. फ्रेंच अकादमीच्या 1740च्या कोशाने तो काढून बहुतेक ठिकाणी ही खूण दिली. इंग्रजीने मात्र ‘स’ जपला.

म्हणून छपराच्या जागी ‘स’ घालून पाहावा. जंगलासाठीचा फ्रेंच शब्द ‘फोरे’. त्याच्या लेखनात शेवटी अनुच्चारित ‘त’ आहे. ‘ए’नंतर ‘स’ घातला की ‘फॉरेस्ट’ मिळतो. तसेच ‘ओपिताल’ म्हणजे हॉस्पिटल आणि ‘कोत’ म्हणजे कोस्ट.

अंदाज पडताळायला त्याच कुळातला दुसरा शब्द उपयोगी पडतो. ‘फोरे’पासून झालेल्या ‘फोरेस्तिए’ या विशेषणात ‘स’ आजही ऐकू येतो.

नियमाला मर्यादा आहे. ‘खात्रीचा’ या अर्थाच्या ‘स्यूर’वरील छप्पर गळालेल्या स्वराचे आहे, शिवाय ‘वर’ अर्थाच्या समोच्चारी शब्दापासून ते त्याला वेगळा दाखवते. तिथे ‘स’ शोधणे व्यर्थ.