एका तारेवरचा मायक्रोसेकंदांचा हिशेब

DS18B20 हा तापमान मोजणारा सेन्सर दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखा असतो. त्याला तीन पाय असतात: एक विजेचा, एक ग्राउंडचा आणि एक बोलण्याचा. मायक्रोकंट्रोलर आज्ञा देतो आणि सेन्सर उत्तर देतो, तेही याच एका तारेवरून. दोघांना ताल धरून देणारी घड्याळाची वेगळी तार नसते. मग शून्य कोणते आणि एक कोणता, हे कळते कसे? तार किती वेळ खाली ओढली गेली, यावरून.

ही तार 4.7 किलोओहमच्या रेझिस्टरने वीजपुरवठ्याला जोडलेली असते, त्यामुळे कोणी हात लावला नाही तर ती वर, म्हणजे ‘एक’ या पातळीवर राहते. दोघांनाही तिला फक्त खाली ओढता येते किंवा सोडून देता येते.

संवादाची सुरुवात रीसेटने होते. मायक्रोकंट्रोलर तार किमान 480 मायक्रोसेकंद खाली धरतो आणि सोडतो. सेन्सर 15 ते 60 मायक्रोसेकंद थांबतो, मग स्वतः तार 60 ते 240 मायक्रोसेकंद खाली ओढतो. हा त्याचा ‘मी हजर आहे’ असा निरोप, म्हणजेच प्रेझेन्स पल्स. तार सोडल्यावर साधारण 70 मायक्रोसेकंदांनी ती वाचली आणि खाली दिसली, तर सेन्सर जागेवर आहे. वरच दिसली, तर जोडणी तपासायची.

15 ते 60 इतकी ऐसपैस मुभा कशाला? कारण सेन्सरच्या आतले घड्याळ काटेकोर नाही. म्हणूनच प्रत्येक बिटची सुरुवात मायक्रोकंट्रोलर तार खाली ओढून करतो आणि सेन्सर त्या क्षणापासून वेळ नव्याने मोजतो. दोन वादकांची लय थोडी वेगळी असली, तरी दर समेला ते पुन्हा एकत्र येतात, तसेच हे. एका बिटमधली चूक पुढच्यात साचत नाही.

‘एक’ लिहायचा तर तार 15 मायक्रोसेकंदांच्या आत सोडायची. शून्य लिहायचे तर निदान 60 धरून ठेवायची. वाचताना मायक्रोकंट्रोलर तार क्षणभर खाली ओढून सोडतो. सेन्सरला शून्य सांगायचे असेल तर तो ती खालीच धरतो, ‘एक’ सांगायचा असेल तर वर जाऊ देतो. तार खाली ओढल्यापासून 15 मायक्रोसेकंदांच्या आत ती वाचावी लागते. त्यानंतर सेन्सर तिला कधीही सोडू शकतो आणि शून्याचा ‘एक’ होतो.

```c
int read_bit(void) {
    int b;
    cli();
    line_low();
    delay_us(3);
    line_release();
    delay_us(9);
    b = line_read();
    sei();
    delay_us(50);
    return b;
}
```

यातल्या `cli()` आणि `sei()` या दोन ओळी इंटरप्ट थोपवतात आणि पुन्हा सुरू करतात. मधेच टायमरचा इंटरप्ट आला, तर वाचन उशिरा होईल. मात्र दोन बिटांच्या मध्ये तार वर असताना कितीही थांबले तरी बिघडत नाही, म्हणून इंटरप्ट फक्त या काही मायक्रोसेकंदांपुरतेच अडवावेत.

आता एक पूर्ण वाचन पाहू. तारेवर एकच सेन्सर असेल तर रीसेटनंतर `0xCC` आणि `0x44` पाठवायचे: पत्ता वगळ, तापमान मोज. 12 बिटांच्या मोजणीला सेन्सर 750 मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतो. मग पुन्हा रीसेट, `0xCC`, `0xBE`, आणि नऊ बाइट वाचायचे. पहिले दोन `0x91` आणि `0x01` आले असे समजा. बिट आणि बाइट दोन्ही लहान किमतीकडून येतात, म्हणून संख्या `0x0191`, म्हणजे 401. एक पायरी 1/16 अंशाची, म्हणून तापमान 25.0625 अंश सेल्सिअस.

नववा बाइट म्हणजे आधीच्या आठांवरून काढलेली CRC ही पडताळणी. वाचताना बिट बदलला तर ती सहसा पकडते. लिहिताना झालेली चूक मात्र तिला दिसत नाही. `0x44` चे बिट पाठवण्याच्या क्रमाने 0, 0, 1, 0, 0, 0, 1, 0 असे असतात. इंटरप्टमुळे तिसऱ्या बिटचा ‘एक’ लांबला आणि शून्य वाचला गेला, तर आज्ञा `0x40` होते. सेन्सर ती ओळखत नाही आणि मोजणीच करत नाही. नुकतीच वीज दिली असेल तर पडताळणी बरोबर येते, पण आकडा 85 अंश दिसतो, कारण चालू होताना सेन्सरमध्ये तोच भरलेला असतो. मोजणी पूर्ण होण्याआधी वाचले तरी हेच घडते.

तार ग्राउंडला चिकटली, तर नऊही बाइट शून्य येतात. आठ शून्यांची CRC सुद्धा शून्यच असते, म्हणून कार्यक्रम निःशंकपणे शून्य अंश दाखवतो. त्यावर उपाय सोपा आहे: रीसेटची नाडी सोडल्यावर तार आधी वर जाते का, हे पाहायचे आणि मगच प्रेझेन्स पल्स खरी मानायची. नुसते ‘खाली आहे’ एवढ्यावरून सेन्सर हजर आहे असे ठरत नाही; सोडलेली तार वर जाऊन पुन्हा खाली आली, तरच ती कोणीतरी ओढली.